नोकरीची बातमी जिगरी दोस्ताकडून का येत नाही? हिंगोलीच्या पोरांसाठी 'सैल ओळखी'चं गणित

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या पोरांना विचारा, चाकणला आपल्या गावचं कोण कोण आहे? पाच-सात नावं लगेच येतील. रांजणगाव, वाळूज, हैदराबाद विचारा, तिथलीही येतील. आता पुढचा प्रश्न विचारा: त्यातल्या एखाद्याला तिथं जागा निघाली आहे हे सगळ्यात पहिल्यांदा कोणी सांगितलं? इथं मात्र जरा आठवावं लागतं. आपण धरून चालतो की सांगणारा सख्खा भाऊ नाहीतर जिगरी दोस्त असणार. समाजशास्त्रात गेली पन्नास वर्षं जो अभ्यास चालू आहे, तो सांगतो की बऱ्याचदा तसं नसतं.

कॉलेजात 'सामाजिक संबंध' या विषयावर असाइनमेंट आली असेल तर हा विषय घ्यायला चांगला आहे. त्यासाठी लागणारी माणसं तुमच्या फोनमध्येच सेव्ह आहेत. आणि असाइनमेंट नसली, नुसतीच नोकरी शोधताय, तरी वाचा.

1973 चा एक पेपर

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी साधा प्रश्न विचारला: ही जागा तुम्हाला कशी कळली? ज्यांना ओळखीतून कळली, त्यांना त्याच्या पुढचा प्रश्न: ज्याने सांगितलं तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा?

भेटण्याचे त्यांनी तीन गट केले. आठवड्यातून निदान दोनदा भेटणारा म्हणजे 'नेहमीचा'. वर्षातून एकदापेक्षा जास्त, पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी भेटणारा म्हणजे 'अधूनमधूनचा'. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारा म्हणजे 'क्वचितचा'. हिशोब केल्यावर नेहमीच्या माणसांकडून बातमी मिळालेले शंभरात जेमतेम 17 निघाले. अधूनमधूनवाले 56, आणि क्वचितवाले 28. म्हणजे ज्याला आपण लग्नात किंवा बसस्टँडवर भेटलो तर 'काय, कुठं असतोस सध्या?' म्हणतो, तो माणूस रोज सोबत चहा पिणाऱ्यापेक्षा जास्त कामाला आला.

हा लेख 1973 मध्ये छापून आला. त्याच्या आधी 1969 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या जर्नलनं तो नाकारला होता. आज समाजशास्त्रात सगळ्यात जास्त उल्लेख होणाऱ्या लेखांमध्ये तो मोजला जातो. ग्रॅनोव्हेटर या ओळखींना 'वीक टाइज' म्हणाले. पुस्तकी मराठीत 'दुबळे बंध' म्हणता येईल, पण दुबळे म्हटलं की काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं. आपण 'सैल ओळख' म्हणू. घट्ट नातं एकीकडे, सैल ओळख दुसरीकडे.

असं का होतं?

पहिल्यांदा वाटतं, हे उलटं आहे. जिगरी दोस्त आपल्यासाठी जास्त धावपळ करेल ना? करेल. इच्छा त्याचीच जास्त असते. पण त्याच्याकडे नवीन सांगायला काही नसतं, कारण त्याला जे माहीत ते तुम्हालाही माहीतच असतं.

एक उदाहरण मांडून बघू. समजा, सेनगाव तालुक्यातला एक पोरगा आहे, आयटीआय फिटर झालेला, वय 21. त्याचे दहा जिगरी दोस्त आहेत आणि प्रत्येक दोस्त आणखी पन्नास जणांना ओळखतो. कागदावर दहा गुणिले पन्नास, पाचशे माणसं झाली. पण ही सगळी पोरं एकाच गावची, एकाच आयटीआयची, एकाच क्रिकेट टीमची. प्रत्येकाच्या पन्नासातले चाळीस तेच ते असतात. मग वेगळे लोक किती? सामाईक चाळीस, आणि प्रत्येकाचे वेगळे दहा, म्हणजे दहा दहाचे शंभर. एकूण 140. पाचशेचे 140 झाले.

आता त्याच पोराच्या दहा सैल ओळखी घेऊ. आयटीआयच्या दोन वर्षं पुढच्या बॅचचा एक जण, मामाच्या गावचा एक, पोलीस भरतीच्या ग्राउंडवर ओळख झालेला एक, वसमतच्या हळद मार्केटात हमाली करताना भेटलेला ट्रकवाला, बहिणीच्या दिराचा मित्र. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणचा. त्यांच्या पन्नासातले पाचच सामाईक धरले, तर प्रत्येकाचे नवीन 45. दहा जणांचे 450, अधिक ते पाच, म्हणजे 455. दोन्हीकडे माणसं दहाच, पण बातमी यायच्या वाटा तिपटीहून जास्त. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमचे वेगळे निघतील. तत्त्व तेच राहतं.

ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं याच्याही एक पाऊल पुढं जातं. तुमचे दोन जिगरी दोस्त असतील, तर ते दोघं एकमेकांना ओळखत नाहीत असं सहसा होत नाही. कधी ना कधी तुमच्याच घरी त्यांची गाठ पडते. त्यामुळे घट्ट नात्यांचा आपोआप एक बंद गोल तयार होतो. या गोलाला दुसऱ्या गोलाशी जोडणारा जो पूल असतो, तो जवळपास नेहमी सैल ओळखीचाच असतो. बाहेरची बातमी आत येते ती या पुलावरून.

पण नुसत्या बातमीनं नोकरी लागते का?

इथं आपल्याकडची गोष्ट अमेरिकेपेक्षा वेगळी वळण घेते, आणि असाइनमेंटमध्ये बरेच जण इथंच गडबडतात. 'सैल ओळखी चांगल्या, घट्ट नाती कुचकामी' असं लिहून मोकळे होतात.

न्यूटनमधली माणसं ऑफिसात काम करणारी होती, व्यवस्थापक आणि तंत्रज्ञ, आणि सगळे पुरुष. त्यांना हवी होती ती माहिती. आपला सेनगावचा फिटर चाकणला जातो तेव्हा त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, जागा आहे ही बातमी. दुसरी, ठेकेदाराकडे किंवा सुपरवायझरकडे कोणीतरी टाकलेला शब्द. तिसरी, पहिला पगार हातात येईपर्यंत पथारी टाकायला रूम आणि मेसच्या डब्याचे पैसे. बातमी सैल ओळखीतून येऊ शकते. पण वर्षातून एकदा भेटणारा माणूस तुम्हाला महिनाभर रूमवर ठेवून घेणार नाही. तिथं आतेभाऊच लागतो.

शब्दाचं काय, तेही समजून घ्या. सुपरवायझर 'तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर सांगा' म्हणतो, त्यात त्याचाही स्वार्थ असतो. अनोळखी पोरगा घेतला, तीन दिवसांनी तो न सांगता गावाकडे निघून गेला, तर लाइनवर माणूस कमी पडतो आणि बोलणी त्याला खावी लागतात. जुन्या कामगारानं आणलेला पोरगा असेल, तर त्या कामगाराची इज्जत पणाला लागलेली असते. म्हणजे इथं ओळख जामिनाचं काम करते, आणि जामीन कोणी अर्ध्या ओळखीवर राहत नाही.

चीनमध्ये हेच दिसलं होतं. यान्जिये बियान या अभ्यासकांनी 1988 मध्ये तिआंजिन शहरात पाहणी केली. तेव्हा तिथं नोकऱ्या सरकार वाटून द्यायचं, त्यामुळे बातमीपेक्षा अधिकाऱ्याकडे वजन असणं महत्त्वाचं होतं. अधिकारी जोखीम घेऊन मदत करायचा ती विश्वासातल्या माणसासाठीच. म्हणून तिथं घट्ट नाती जास्त कामाला आली. आपल्या भाषेत याला वशिला म्हणतात. वशिला आणि ओळख यात फरक आहे, तो नीट धरून ठेवा. ओळखीनं बातमी कळते. वशिल्यानं निवड फिरवली जाते.

सरकारी भरतीत हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. पोलीस भरतीत धावण्याचे आणि लेखीचे मार्क मेरिट लिस्टवर लागतात, तिथं पाव्हण्याच्या शब्दाला काही अर्थ नाही. (अर्थ आहे असं सांगून पैसे मागणारे भेटतात, तो वेगळा धंदा आहे.) तरीसुद्धा फॉर्म कधी सुटला, कोणत्या जिल्ह्यात जागा जास्त आहेत, गोळाफेकीचा सराव कोण चांगला घेतो, हे सगळं ग्राउंडवरच्या सैल ओळखीतूनच कळतं.

लिंक्डइनवरची दोन कोटी माणसं

ग्रॅनोव्हेटरवर एक आक्षेप कायम होता: हा नुसता योगायोग नसेल कशावरून? कदाचित ज्यांना नोकरी सहज मिळते, त्यांच्याच ओळखी जास्त असतील. हे तपासायचं तर माणसांना चिठ्ठ्या टाकून ओळखी वाटाव्या लागतील. खऱ्या आयुष्यात ते कसं करणार?

लिंक्डइनला ते जमलं. तुम्ही ॲप उघडलं की `People You May Know` म्हणून काही चेहरे दिसतात. ते कोणाला कोणते दाखवायचे, हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. 2015 ते 2019 या काळात या अल्गोरिदमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवल्या गेल्या. काहींना सैल ओळखी जास्त सुचवल्या गेल्या, काहींना घट्ट. मग पुढं कोणाला कुठं नोकरी लागली ते बघितलं. यात दोन कोटींवर लोक होते आणि निष्कर्ष 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. आपल्याला न विचारता आपल्यावर असे प्रयोग करावेत का, यावर तेव्हा बरीच टीकाही झाली, आणि ती चुकीची नव्हती.

निष्कर्षात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, सैल ओळखी खरोखर जास्त उपयोगी ठरल्या, पण अगदी सैल नव्हेत. दोघांचे साधारण दहा सामाईक कनेक्शन असतील, अशा मधल्या ओळखींचा फायदा सगळ्यात जास्त झाला. सामाईक कोणीच नसेल तर समोरचा तुम्हाला ओळखणार कसा? आणि सगळेच सामाईक असतील तर नवीन सांगणार काय?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सॉफ्टवेअरसारख्या डिजिटल क्षेत्रात सैल ओळखींचा फायदा जास्त दिसला. जिथं काम कमी डिजिटल होतं, तिथं घट्ट ओळखी बऱ्या ठरल्या. म्हणजे हिंगोलीतून एक पोरगी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकून पुण्यात नोकरी शोधतेय आणि दुसरा पोरगा फिटर म्हणून जातोय, तर दोघांना एकच सल्ला देऊन चालणार नाही. तिनं सीनियर बॅचच्या ओळखी वाढवाव्यात. त्यानं बातमीसाठी सैल ओळखी धराव्यात आणि शब्दासाठी आपला माणूस शोधावा.

व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे ओळख नव्हे

आता वाटेल, मग काय, जॉबचे दहा ग्रुप जॉइन करतो. एका ग्रुपमध्ये 1024 पर्यंत माणसं असतात, झाल्या दहा हजार सैल ओळखी. तसं होत नाही. सैल ओळखीत ओळख कमी असली तरी पलीकडे एक माणूस असतो. त्याला तुम्ही परत विचारू शकता, आणि खोटं निघालं तर पुढच्या लग्नात त्याला तोंड दाखवायचं असतं. ग्रुपमधल्या फॉरवर्डला असा माणूसच नसतो.

फोन हे तुम्हाला दाखवतो, फक्त बघायची सवय पाहिजे. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल आणि वर `Forwarded many times` लिहिलेलं असेल, तर तो मेसेज तुमच्यापर्यंत यायच्या आधी किमान पाच हातांतून फिरलेला आहे. नोकरीची खरी, ताजी बातमी इतकी फिरत नाही. चार जागा असतात, दोन दिवसांत भरतात. जो मेसेज महिनोन्महिने फिरतोय, त्यातली भरती एकतर संपलेली असते नाहीतर कधी नव्हतीच.

तपासायची पद्धत सोपी आहे. पाठवणाऱ्याला एकच विचारा: 'तिथं सध्या काम करणाऱ्या कोणाशी तू स्वतः बोललास का?' साखळीत कुठंच असा माणूस सापडत नसेल तर ती बातमी सोडून द्या. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्म डिपॉझिट, मेडिकलचे पैसे आधी यूपीआयनं मागितले, तर प्रश्नच मिटला. पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका, लगेच 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

आणि खरी सैल ओळख सापडली तर तिला काय विचारायचं? 'दादा, काहीतरी काम बघा ना' हा मेसेज जवळपास नेहमी वाया जातो. त्यात तुम्ही शब्द मागताय, आणि सैल ओळखीचा माणूस शब्द टाकणार नाही. त्याच्याकडे बातमी आहे, तीच मागा. असं लिहून बघा:

'नमस्कार दादा. मी तुमच्या दोन वर्षं मागच्या बॅचचा, फिटर ट्रेड. तुम्ही रांजणगावला आहात असं कळलं. तिकडं मेंटेनन्सची भरती कंपनी थेट करते की ठेकेदारामार्फत? आणि साधारण कोणत्या महिन्यात निघते? एवढंच सांगितलं तरी मदत होईल.'

याचं उत्तर द्यायला त्याला एक मिनिट लागतं आणि त्याची इज्जत कुठंच पणाला लागत नाही. म्हणून उत्तर येतं.

ज्यांच्या ओळखीच नाहीत त्यांचं काय?

हा भाग असाइनमेंटमध्ये टाळू नका. ओळखी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत. 2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास आला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. जाहिरातीच्या उघड वाटेवर हे होत असेल, तर 'तुमच्यापैकी कोणी असेल तर सांगा' या वाटेवर काय होत असेल? 'तुमच्यापैकी' म्हणजे कोण, हे आधीच ठरलेलं असतं.

गंमत म्हणजे घट्ट जाळं ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही ते कधी अडकवतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईच्या दादरमधलं आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या शाळांमधल्या मराठी कुटुंबांचा अभ्यास 2006 मध्ये छापला. नव्वदीनंतर इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वाढत होते. तरी कष्टकरी जातींमधल्या मुलांना घरचे मराठी माध्यमातच घालत राहिले, कारण बाप-काका ज्या कामावर होते तिथं जातीच्या ओळखीनं मुलगाही लागेल असा भरवसा होता. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजी माध्यमाकडे वेगानं वळल्या. त्यांना लावून देणारं असं जाळं बायकांमध्ये नव्हतंच, त्यामुळे त्यांना धरून ठेवणारंही काही नव्हतं. बाहेरची बाजारपेठ बदलली, तेव्हा जाळं नसणं त्यांच्या पथ्यावर पडलं.

आपल्याकडच्या मुलींचा प्रश्न आजही वेगळा आहे. ग्राउंड, हळद मार्केट, चहाची टपरी, या ज्या जागांवर पोरांच्या सैल ओळखी होतात, तिथं मुली थांबत नाहीत. म्हणून ज्या वाटेला ओळख लागत नाही, ती त्यांनी आधी धरावी: अप्रेंटिसशिपसाठी `apprenticeshipindia.gov.in` आणि राज्याचं `rojgar.mahaswayam.gov.in`. दोन्हीकडे नोंदणीला पैसे लागत नाहीत. नोंदणी केली की नोकरी येईलच असं नाही, पण नाव आणि शिक्षण निदान गावाच्या गोलाबाहेर पोचतं.

असाइनमेंट करताना

वीस कमावत्या माणसांना विचारलं तरी चांगलं काम होईल. फक्त प्रश्न जपून विचारा. 'तुम्ही ओळखीनं लागलात का?' असं विचारलं की समोरच्याला ते वशिल्याचा आरोप वाटतं आणि तो 'नाही, स्वतःच्या हिमतीवर' म्हणतो. त्याऐवजी 'इथं जागा आहे हे पहिल्यांदा कुठून कळलं?' असं विचारा. दुसरा प्रश्न, 'त्या काळात त्या माणसाशी किती वेळा बोलणं व्हायचं?' यातला 'त्या काळात' हा शब्द सोडू नका. एकाच कंपनीत चार वर्षं काढल्यावर बातमी सांगणारा आज रूम पार्टनर झालेला असतो, आणि मग सगळीच नाती घट्ट दिसतात. आज फोनवर बोलणं होतंच, म्हणून 'भेटायचा'ऐवजी 'बोलायचा' मोजा, गट मात्र ग्रॅनोव्हेटरचेच ठेवा.

तिसरा प्रश्न आपल्या भागासाठी: शब्द कोणी टाकला आणि पहिला महिना राहिलात कुणाकडे? बातमीचा माणूस, शब्दाचा माणूस आणि रूमचा माणूस असे तीन रकाने करा. तिन्हीकडे एकच नाव आलं तर एक गोष्ट, तीन वेगळी आली तर दुसरी. आणि जमलं तर चार-पाच जण असेही गाठा, ज्यांनी शोधलं पण लागलं नाही. ग्रॅनोव्हेटरनं नोकरी लागलेल्यांनाच विचारलं होतं. बातमी पोचली पण शब्द टाकणारं कोणी नव्हतं, असे किती, ते त्यांच्या तक्त्यात कुठंच नाही.